बेसिनखालचा अँगल कॉक पूर्ण बंद होत नसेल तर

बेसिनचा नळ बदलायचा म्हणून खालचा अँगल कॉक बंद करावा आणि तरीही नळातून बारीक धार चालूच राहावी, ही तक्रार ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये फार ऐकू येते. तिथे अनेक ठिकाणी टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. त्यातला क्षार वर्षानुवर्षं न हलवलेल्या कॉकमध्ये साचतो.

आधी कॉक कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. हँडल पाव फेऱ्यातच बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यात वॉशर नसतो, त्यामुळे कार्ट्रिज किंवा अख्खा कॉकच बदलावा लागतो. हँडल तीन-चार फेरे फिरत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आता दोष कुठे आहे ते हातालाच कळतं. हँडल जड लागून मध्येच अडत असेल, तर स्पिंडलच्या, म्हणजे हँडल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, आट्यांत क्षार आहे आणि त्याच्या टोकाचा वॉशर सीटपर्यंत, म्हणजे आतल्या भोकाच्या ज्या कडेवर तो टेकून पाणी थांबवतो तिथपर्यंत, पोहोचतच नाही. हँडल शेवटपर्यंत सहज जातं, पण पाणी थांबत नाही, तर वॉशर गेलाय किंवा सीट खराब झालीय. नुसतं गोल गोल फिरत राहत असेल तर हँडलचे दाते किंवा स्पिंडलच्या आट्या झिजल्या आहेत.

अडकलेल्या स्पिंडलवर पान्याने जोर करू नका. पितळेचा असला तरी तो मुरगळून तुटतो, आणि मग पाणी थांबवायला गच्चीवर धावावं लागतं. हँडलखाली स्पिंडलभोवती एक छोटा नट असतो, तो ग्लँड नट. तो पाव फेरा सैल करा. थोडं पाणी झिरपेल, खाली भांडं धरा. मग हँडल थोडं बंद, थोडं परत उघडं, असं पुढे-मागे करत न्या. क्षार आट्यांमधून थोडा थोडा सुटतो. बऱ्याचदा कॉक इथेच पूर्ण बंद होतो. मग ग्लँड नट झिरपणं थांबेल इतकाच आवळायचा.

तरी पाणी थांबलं नाही तर कॉक उघडावा लागेल, आणि त्याआधी लाइन बंद हवी. बाथरूमचा स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. त्याने वर-खालच्या फ्लॅटचंही पाणी जातं, म्हणून वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. मग बेसिनचा नळ उघडा आणि धार पूर्ण थांबेपर्यंत थांबा.

हँडलची टोपी काढून स्क्रू सोडवा, हँडल ओढून काढा. स्पिंडल अर्धवट उघडा ठेवा, म्हणजे वॉशर सीटवर दाबलेला राहत नाही. आता दोन पाने लागतील. एकाने कॉकची बॉडी घट्ट धरायची, दुसऱ्याने वरचं हेड, म्हणजे स्पिंडल ज्यात बसलेला असतो तो भाग, उलट फिरवायचं. बॉडी न धरता जोर लावला तर कॉक भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडावर, फिरतो. जुना गंजलेला लोखंडी जीआय एल्बो तिथेच फुटू शकतो, आणि ते काम टाइल्स फोडण्यापर्यंत जातं.

हेड बाहेर आलं की स्पिंडलच्या टोकाला वॉशर दिसेल. कासारवडवलीच्या एका फ्लॅटमध्ये काढलेल्या कॉकचा वॉशर कडक पडला होता, त्यावर सीटची गोल खाच खोल उमटली होती, आणि आट्यांवर पांढरट थर होता. वॉशर काढून स्पिंडल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, तेव्हा तो बोटांनी फिरू लागला. क्रोमचा भाग व्हिनेगरमध्ये बुडवू नका, चकाकी जाते.

जुना वॉशर हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा आणि त्याच व्यासाचा, त्याच जाडीचा घ्या. दुकान बंद असेल तर वॉशर उलटा करून बसवला तरी तात्पुरतं काम भागतं. बॉडीच्या आत बॅटरीचा प्रकाश टाकून सीटही पाहा, कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत कडेवर नवा वॉशर बसेल. चर लागला असेल तर तो नवा वॉशरही काही दिवसांत कापेल. अशा वेळी अर्ध्या इंची नवा कॉकच घेतलेला बरा.

आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. स्पिंडल उघड्या स्थितीत ठेवून हेड बसवा, बॉडी पुन्हा धरूनच आवळा. लाइन हळूहळू सोडा, कॉक बंद करा आणि नळ उघडून पाच मिनिटं पाहा. हेड व ग्लँड नटभोवती कोरडा टिश्यू फिरवला की बारीकशी ओलही दिसते. ग्लँडपाशी ओल असेल तर नट किंचित आवळा. तरी थांबली नाही तर टेफ्लॉन टेपची दोरी वळून स्पिंडलभोवती गुंडाळा आणि नट परत लावा. पाणी थांबेल इतकंच हँडल बंद करायचं, त्यापुढे दाबल्यास नवा वॉशरही लवकर कापला जातो.