पेशीचा व्यास मोजण्याआधी आयपीसची पट्टी जुळवून घ्या

सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या पट्टीच्या रेघांना स्वतःचं माप नसतं. ते स्टेज मायक्रोमीटरवरून काढावं लागतं. त्याच्या काचेवर साधारणपणे १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर.

आधी आयपीसची वरची भिंग फिरवून पट्टी स्पष्ट करा, मग ४०एक्स ऑब्जेक्टिव्हखाली स्टेज मायक्रोमीटर फोकस करा. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर आणा आणि शून्याच्या रेघांच्या डाव्या कडा जुळवा. इथून पुढे घाई नको. रेघा पुन्हा तंतोतंत जुळतात ती शक्य तितकी लांबची जागा शोधा. आठव्या भागावर अर्ध्या भागाची चूक सहा टक्क्यांची होते, ऐंशीव्यावर एका टक्क्याहूनही कमी.

समजा, आयपीसचे ८० भाग स्टेजच्या २० भागांशी जुळले. २०० भागिले ८०, म्हणजे एक भाग २.५ मायक्रोमीटर. आता रंकाळ्याच्या पाण्यातली गोल शेवाळपेशी १२ भाग भरली, तर व्यास ३० मायक्रोमीटर.

हे माप फक्त त्याच आयपीस-ऑब्जेक्टिव्ह जोडीचं. १०एक्सचं माप (इथे सुमारे १०) चुकून वापरलंत, तर हीच पेशी १२० मायक्रोमीटरची दिसेल. म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचा आकडा चिठ्ठीवर लिहून सूक्ष्मदर्शकालाच चिकटवा.