सेटलमेंट जुळवायला बसण्याआधी

ग्राहकाचे ऑनलाइन पैसे पेमेंट गेटवे घेतो आणि आपली कपात करून बँकेत पाठवतो, ते म्हणजे सेटलमेंट. ते जुळवायला तीन गोष्टी समोर ठेवा: गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट, ऑर्डरची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट. रिपोर्ट ओळवार उतरवलेला हवा, नुसत्या बेरजेचा नको. ऑर्डरच्या यादीत पेमेंट आयडीचा रकाना आहे ना, ते बघा. नसेल तर आधी तो मिळवा. एकाच ऑर्डरवर दोन पेमेंट पडलेली असू शकतात, त्यामुळे ऑर्डर नंबरवर भरवसा नको. आयडी नुसते आकडे असतील तर फाइल उघडताना तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्या, नाहीतर लांब आयडीत एक्सेल पंधराव्या आकड्यानंतरचे आकडे शून्य करून टाकतं.

आता रिफंड. मागच्या वेळी मी इथेच आपटलो. बँकेत 3593.80 आले होते. त्या सेटलमेंटमध्ये 1000, 2000 आणि 1500 अशा तीन ऑर्डर होत्या, म्हणजे 4500. फरक 906.20. मी तो सगळा गेटवेच्या शुल्कात ढकलला आणि उठलो. चार ओळी वाचल्या असत्या तर दिसलं असतं: शुल्क 2 टक्क्यांनी 90, त्यावरचा कर 16.20 आणि उरलेले 800 हे गेल्या महिन्यातल्या एका ऑर्डरचे परत केलेले पैसे.

पुढची गंमत तर याहून वाईट. ग्राहकाने विचारलं, रिफंड झाला का? मी बँकेचं स्टेटमेंट चाळलं, 800 ची नावे नोंद कुठेच दिसली नाही. कशी दिसेल? गेटवेने ते येणाऱ्या पैशातूनच वळते केले होते. मी बँकेतून पुन्हा 800 पाठवले.

म्हणून रिफंडच्या ओळी आधी बाजूला काढा. त्या आजच्या ऑर्डरमध्ये शोधत बसू नका, तिथे त्या बहुतेक नसतात. प्रत्येक ओळीतला मूळ पेमेंट आयडी घ्या आणि जुन्या महिन्यांच्या यादीत शोधा. सापडली की त्याच ऑर्डरवर खूण करा. परत सांगतो, बँकेत रिफंड दिसत नाही याचा अर्थ तो दिला नाही असा होत नाही. आणि मूळ पेमेंटवरचं शुल्क रिफंडनंतर परत मिळतं, असं धरून चालू नका. बऱ्याच गेटवेंकडे ते मिळत नाही. ओळीतच बघा.

विक्री पूर्ण 4500 दाखवा, बँकेत आले तेवढे नाही. ‘गेटवेकडून येणे’ असं एक खातं उघडा: विक्री त्यात नावे, बँकेतली जमा, शुल्क, कर आणि रिफंड त्यातून वजा. महिनाअखेरीस तिथे फक्त अजून सेटल न झालेली पेमेंट उरली पाहिजेत. शिल्लक उणे दिसली तर आधी बघा, एखादी विक्री नोंदवायची राहिलीय का.

चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून परत मिळवलेले पैसे, रिफंडसारखेच, जुन्या ऑर्डरवर. राउंडिंगमुळे पडणारे दोन-चार पैशांचे फरक वेगळ्या खात्यात. बाकी तारखा जुळवत बसू नका, सेटलमेंट आयडीवर जुळवा. आणि रिफंडच्या ओळी राहिल्या असतील तर परत वर जा.