चिचुंद्रीला उंदीर म्हणू नका: फोटोतून ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

मला महिन्यातून चार-पाच तरी फोटो येतात, खाली लिहिलेलं असते "भाऊ, हा कोणता उंदीर, कोणतं औषध टाकू". त्यातले कितीतरी उंदीर नसतातच, चिचुंद्री असते. आणि लोकं उत्तरासाठी थांबत पण नाहीत, मी फोटो झूम करेपर्यंत इकडं औषधाची पुडी फुटलेली असते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

वरून काढलेला फोटो

सगळ्यात मोठी चूक हीच. माणूस उभा, चिचुंद्री खाली भिंतीच्या कडेनं पळत असते, आणि हा वरून टॉर्च मारून फोटो काढतो. वरून पाहिलं की करड्या केसांचं लांबुळकं अंग आणि मागं शेपटी एवढंच दिसते, आणि एवढं तर दोघांचं पण सारखंच आहे. चिचुंद्रीची खरी ओळख तिच्या तोंडात आहे आणि ते बाजूनंच कळते. तिचं नाक लांब, निमुळतं, सोंडेसारखं हलणारं असते आणि खालच्या जबड्याच्या बरंच पुढं गेलेलं असते. बाजूनं पाहा, नाकाचं टोक एकीकडे आणि तोंडाची फट त्याच्या बरीच मागं, खाली. उंदराचं तसं नसते, त्याचं तोंड नाकाच्या जवळच खाली असते, वरच्या ओठाला चीर असते आणि थोबाड आखूड, बोथट.

मागच्या काही वर्षांपूर्वीची गोष्ट, दारव्हा तालुक्यातल्या एका गावातली. सोयाबीन काढून नुकतंच घरात आलं होतं, पोते खोलीत रचलेले. खालच्या थराचे पोते कुरतडलेले निघाले, दाणे सांडलेले. घरच्या पोरानं रात्री चुलीच्या भिंतीकडं एक जनावर पाहिलं, वरून फोटो काढला आणि घरात ठरलं की चोर सापडला. मला फोटो सकाळी आला, तोवर त्यांनी दुकानातून झिंक फॉस्फाइड आणून, गव्हाच्या भरड्यात तेल टाकून गोळ्या करून भिंतीला ठेवून पण टाकल्या होत्या, ते पण उघड्यावर. मी फोटो मोठा करून पाहिला, टॉर्चच्या उजेडात डोळा कुठं आहे तेच सापडेना, शेपटी बुडाशी जाड. मी फोन केला, "काका, गोळ्या आधी उचला, ही चिचुंद्री आहे, पोते फाडणारा दुसराच कोणीतरी आहे." काका म्हणे "अरे बाबू, उंदीरच आहे ना तो, मी काय आंधळा आहो काय?" संध्याकाळपर्यंत दोन कोंबड्या मेल्या. चिचुंद्री गोळ्यांना शिवली पण नव्हती, कारण ती धान्यावर जगणारी नाही, तिचं मुख्य खाणं झुरळं, रातकिडे, गांडुळं.

मग मी तिथं गेलो. पोत्यांमागं लेंड्या होत्या, सुक्या, कडक, टोकाला निमुळत्या. वर पाहिलं तर बल्लीवर अंग घासून काळा चकाकता पट्टा पडलेला, म्हणजे जनावर चढणारं. चिचुंद्री जमिनीवरच भिंतीला चिकटून पळते, बल्लीवर तिचं काही काम नाही. त्या रात्री मोबाईल जमिनीवर विटेला टेकवून व्हिडिओ लावला आणि सकाळी त्यातून बाजूची एक फ्रेम काढली. मोठे कान, काळे चकाकणारे टपोरे डोळे, अंगापेक्षा लांब शेपटी, घरात चढणारा काळा उंदीर. पिंजऱ्यात भाकरीला तेल लावून ठेवलं, तिसऱ्या रात्री अडकला. त्या घरात चिचुंद्री अजूनही आहे आणि काका आता तिला काही करत नाहीत.

तेव्हापासून माझी सवय: फोन जनावराच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवरच ठेवायचा. फोटोपेक्षा व्हिडिओ काढा, नंतर थांबवून बाजूची फ्रेम घ्या. बाजूला माचिसची डबी ठेवली की माप पण समजते. आणि व्हॉट्सअपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबल्या जाते आणि डोळाच पुसून जाते, मग मी काय पाहू.

डोळ्यावरच निकाल देणं

चिचुंद्रीचे डोळे बारीक, काळ्या मोहरीसारखे, केसात बुडालेले. उंदराचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले. हे खरं आहे, पण एवढ्यावर थांबू नका. उंदराच्या नवजात पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवडे उघडत नाहीत, मेलेल्या उंदराचे डोळे खोल जातात आणि बारीक दिसतात. घुशीचे डोळे पण तिच्या मोठ्या डोक्याच्या मानानं बारीकच वाटतात. म्हणून डोळा बारीक दिसला की लगेच नाकाकडं जा, नाक बोथट असलं तर चिचुंद्री नाही.

मेलेलं जनावर असलं तर काठीनं तोंड उघडून दात पाहा, हात लावू नका. उंदराला पुढं छिन्नीसारखे पिवळट-नारिंगी दात असतात आणि त्यांच्या मागं मोकळी जागा. चिचुंद्रीला बारीक टोकदार पांढरे दात, मोकळी जागा न सोडता ओळीत. पुढच्या पायाला तिला पाच बोटं, उंदराला चारच ठळक दिसतात. हे एवढं पाहिलं की वाद संपला.

शेपटीची फक्त लांबी मोजणं

लांबी फसवते, शेपटी वाकलेली असते, फोटोत आखडलेली असते. आकार पाहा. चिचुंद्रीची शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडं बारीक, गाजरासारखी, आणि तिच्यावर विरळ लांब केस उभे असतात जे झूम केल्यावर चांगले दिसतात. उंदराची शेपटी त्या मानानं बारीक, खवल्यांच्या कड्या असलेली. हा फरक मला नाकाच्या खालोखाल आवडतो, कारण पळतानाच्या घाईतल्या फोटोत नाक हलते, पण शेपटीचं बूड बहुतेक वेळा नीट येते.

रंगावर जाणं

दोघं पण करडे. सोडून द्या.

पिंजऱ्यात अडकलेली पाहून उद्या बघू म्हणणं

हे माझ्या जिवाला लागते. चिचुंद्रीचं अंग छोटं, खाल्लेलं लवकर जळते, तिला थोड्या थोड्या वेळानं खायला लागते. रात्रभर पिंजऱ्यात अडकली की सकाळी मेलेली सापडते. मी पिंजरा लावला की रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठल्याबरोबर पाहतो, चिचुंद्री असली की पिंजरा फडक्यात गुंडाळून कुंपणाजवळ नेऊन उघडतो. ती घाबरली की कुशीच्या ग्रंथीतून घाण वास सोडते, त्यासाठी फडकं. चिकटपट्टीचे सापळे तर मी कोणालाच सांगत नाही, त्यात ती तडफडून मरते आणि घरातली पाल पण अडकते.

वास आला म्हणून चिचुंद्रीच असं नाही, मेलेला उंदीर पण वास मारतेच. आणि रात्री भिंतीकडून चिट-चिट आवाज येत असला तर आधी व्हिडिओ लावा, औषधाची पुडी सकाळी पण मिळते.