चष्मा फुटला म्हणून औषध अंदाजाने घेऊ नका: या चुका टाळा

माझे औषधांचे दुकान आहे आणि गेली सतरा वर्षे मी काउंटरवर उभी राहून डोळ्यांचे थेंब विकते आहे. या काळात मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे. थेंब कोणते हे माणसे नीट विचारून घेतात, पण ते घालायचे कसे हे विचारण्याइतका धीर कोणापाशी नसतो. मीही कधी आपणहून सांगत नव्हते. माझ्याच आजीच्या हातून चुका होऊ लागल्या, तेव्हा मला जाग आली.

आजी एकोणऐंशी वर्षांची आहे. तिला काचबिंदू आहे, त्यामुळे डोळ्यांतला दाब आटोक्यात ठेवण्यासाठी तिला दोन औषधे चालू आहेत: टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि लॅटानोप्रोस्ट फक्त रात्री एकेक थेंब. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला दूरचे चांगले दिसते, मात्र जवळचे चष्म्याशिवाय मुळीच दिसत नाही. न्हाणीघरातल्या दगडावर चष्मा पडला आणि एक भिंग फुटले. नंबर तिरकस असल्यामुळे नवे भिंग यायला आठ-नऊ दिवस लागतील, असे चष्मेवाल्याने सांगितले. "तोवर काय, थेंबच तर घालायचेत, ते मी डोळे मिटूनही घालीन," असे आजी म्हणाली आणि आम्ही सगळ्यांनी ते मानले.

तिसऱ्या दिवशी ती अंथरुणावरून उठताना भोवळ येऊन खाली बसली. मी नाडी मोजली तर मिनिटाला 48 ठोके पडत होते. डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "थेंब किती घालताय?" आजी प्रामाणिकपणे म्हणाली, "अहो, पडला का नाही ते कळतच नाही, म्हणून मी अजून एक घालते. कधी दोन घालते."

पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक ती हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. खालच्या पापणीच्या आत जेवढी जागा असते, तेवढ्यात जेमतेम एक थेंब मावतो. बाटलीतून पडणारा थेंब त्या जागेपेक्षा बहुतेक वेळा मोठाच असतो, त्यामुळे दुसरा थेंब घातला तर तो डोळ्यात थांबत नाही. काही भाग गालावर ओघळतो आणि काही भाग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात व घशात उतरतो. थेंब घातल्यावर घशाला कडवट चव लागते ती यामुळेच. नाकातून औषध थेट रक्तात मिसळते. टिमोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधांच्या जातीचे आहे, म्हणून जास्तीचे थेंब डोळ्याला उपयोगी न पडता नाडीवर परिणाम करतात. दमा असलेल्या माणसाला तर या औषधाने श्वास लागू शकतो. म्हणून दम्याची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांपासून कधी लपवू नये.

घरी आल्यावर मी टिमोलॉलची बाटली पाहिली. तिच्या खोक्यावर उघडल्याची तारीख मीच लिहिली होती, 2 तारीख, आणि त्या दिवशी 13 होती. बाटली जवळजवळ रिकामी होती. आता हिशेब सोपा आहे. 5 मिलीच्या बाटलीत साधारण 100 थेंब येतात. दिवसाला चार थेंब लागत असतील, तर ती पंचवीसेक दिवस पुरायला हवी. ती अकरा दिवसांत संपली, याचा अर्थ रोज नऊच्या आसपास थेंब खर्च होत होते. हे सगळे चष्मा फुटल्यामुळेच झाले ना, असे कोणी म्हणेल. पण तो फुटला 10 तारखेला. त्याआधीचे आठ दिवसही आजी दोन-दोन थेंबच घालत होती, फक्त आम्हाला ते कळत नव्हते. चष्म्यावर खापर फोडून तरी काय उपयोग? चष्मा डोळ्यांवर ठेवून थेंब घालताच येत नाहीत, म्हणजे ही चूक वर्षानुवर्षे अंदाजानेच चालली होती. बाटली ठरल्यापेक्षा लवकर संपणे ही थेंब वाया जात असल्याची सर्वांत सोपी खूण आहे. माझ्या दुकानातही आता कोणी पंधरा दिवसांत दुसरी बाटली मागायला आले की मी आधी हातवारे करून दाखवायला सांगते, आणि मगच बाटली देते. काहींना ते आवडत नाही.

थेंब पडला हे न बघता कळावे, यासाठी आजीला मी एकच युक्ती शिकवली आणि ती तिने चार दिवसांत आत्मसात केली. आधी औषध बाजूला ठेवून आम्ही साध्या कृत्रिम अश्रूंची बाटली घेतली आणि फ्रिजच्या दारात ठेवून थंड केली. थंड थेंब डोळ्यात पडला की तो गार लागतोच, बघावे लागत नाही. औषधाची बाटली थंड करण्याआधी मात्र खोक्यावरची साठवणुकीची सूचना वाचावी, आणि कोणतीही बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. आजी पाठीवर आडवी होते. डाव्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हळूच खाली ओढून तिचा खिसा करते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत बाटली धरून, उरलेली बोटे कपाळावर टेकवते, म्हणजे हात थरथरत नाही. मग ती वर बघते आणि एकदाच दाबते. गार लागले की हात बाजूला घेते, डोळा अलगद मिटते आणि नाकाच्या मुळाशी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दाबून दोन मिनिटे धरते. दोन मिनिटे कशी मोजायची, तर ती रामरक्षेतले तिला पाठ असलेले श्लोक म्हणते. मोबाइलवर घड्याळ लावण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचे वाटते. डोळ्याची उघडझाप केली की औषध नाकाकडे खेचले जाते, म्हणून मिटायचे आणि स्वस्थ पडायचे. पहिल्या दिवशी पाच थेंबांपैकी दोनच जागेवर पडले, एक भुवईवर गेला आणि दोन कानाकडे ओघळले. चौथ्या दिवशी पाचही जागेवर पडले. त्या दिवसापासून टिमोलॉलची बाटली पुन्हा तिच्या हाती दिली, तीही डॉक्टरांनी नाडी तपासून ते औषध चालू ठेवायला सांगितल्यावरच. पापणी ओढून धरणेच ज्यांना जमत नाही, त्यांनी आडवे पडून डोळा मिटावा, थेंब आतल्या कोपऱ्यात टाकावा आणि मग डोळा हळूच उघडावा. थेंब आपोआप आत जातो.

दुसरी चूक आहे बाटल्यांची अदलाबदल. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या, आणि नावे इतक्या बारीक अक्षरांत की मलाही खिडकीपाशी जावे लागते. टोपणाच्या रंगावर मी विसंबत नाही, कारण कंपनी बदलली की रंगही बदलतो. आजीच्या टिमोलॉलच्या बाटलीला आम्ही एक रबर गुंडाळले आणि लॅटानोप्रोस्टच्या बाटलीला दोन. एक रबर म्हणजे सकाळ-संध्याकाळ, दोन रबरे म्हणजे रात्र. हे ठरवताना मी "टिमोलॉलला दोन वेळा, म्हणून दोन रबरे" असा सल्ला दिला होता, तर आजी म्हणाली, "नाही पोरी, दोन रबरे म्हणजे उशिराची. रात्री हात हळू चालतो, जाड बाटली हाताला लवकर लागते." खूण ज्याला वापरायची आहे त्यानेच ठरवावी, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असावी. कानातल्या थेंबांची आणि चटकन चिकटणाऱ्या गोंदाची बाटली त्याच कप्प्यात ठेवणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

दोन औषधे एकाच वेळी असतील, तर दुसरे औषध निदान पाच मिनिटांनी घालावे. पहिल्याच्या पाठोपाठ घातलेला दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

बाटलीच्या तोंडाला तापलेल्या सुईने किंवा खिळ्याने भोक पाडू नये. बऱ्याच बाटल्यांच्या टोपणात आतून अणकुची असते. टोपण घट्ट आवळले की नेमके हवे तेवढे छिद्र पडते. खिळ्याने पाडलेले छिद्र मोठे होते, थेंब दुप्पट पडतो आणि मग वरचा सगळा हिशेब कोसळतो. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये, आणि उघडून महिना झाला की उरलेले औषध टाकून द्यावे.

आता गोळ्यांकडे येते. आजीच्या गोळ्या तीन: रक्तदाबाची अर्धी गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारी, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन रात्री जेवणाबरोबर. चष्मा फुटल्यावर मामाने चांगुलपणाने सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून वाटीत ओतल्या, "म्हणजे तुला शोधायला नको." कॅल्शियम आणि मेटफॉर्मिन दोन्ही लांबट, पांढऱ्या आणि मोठ्या असतात. बोटांना त्यांतला फरक लागत नाही. त्याशिवाय नाव, ताकद आणि मुदतीची तारीख हे सगळे पाकिटाबरोबर केराच्या टोपलीत गेले. मी ती वाटी उचलून बाजूला ठेवली आणि नवी पाकिटे आणली. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाकीट कात्रीने कापून छोटे तुकडे करण्याची सवयही तितकीच वाईट आहे, कारण नाव एका तुकड्यावर राहते आणि तारीख दुसऱ्यावर. आजीसाठी आम्ही सकाळचे अख्खे पाकीट स्टीलच्या गोल डबीत देव्हाऱ्यापाशी ठेवले, दुपारचे जेवणाच्या टेबलावर, आणि रात्रीचे चौकोनी प्लास्टिकच्या डबीत उशाशी. डबीचा आकार आणि जागा या दोन खुणा तिला पुरतात. गोळी घेतली की नाही, हे रिकाम्या फुगवट्यावरून बोट फिरवून कळते. विसरलेली गोळी आठवली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

अर्ध्या गोळीचे एवढेच सांगते, की मधे रेघ असेल तरच आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच मोडावी. आजी गोळी ताटाच्या काठाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी रेघेवर दाबते, एक अर्धुक आज खाते आणि दुसरे लगेच त्याच डबीत ठेवून उद्या खाते. त्यामुळे एक अर्धुक थोडे मोठे झाले तरी दोन दिवसांत बरोबरी होते. महिन्याच्या गोळ्या एकदम मोडून ठेवणाऱ्यांची घाई मला कळत नाही, कारण उघडे अर्धुक हवेतल्या ओलाव्याने चुरते. मेटफॉर्मिनच्या नावापुढे एसआर असेल तर ती कधीही मोडू वा चावू नये. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि मोडली तर बराचसा डोस एकदम उतरतो.

नवव्या दिवशी चष्मा आला. त्यानंतर उघडलेली टिमोलॉलची बाटली आजीला सव्वीस दिवस पुरली. थेंब घालायची वेळ झाली की आजही ती आधी चष्मा काढून ट्रंकेवर ठेवते, एकच रबर बोटाने चाचपते आणि मग आडवी होते.