समालोचनाच्या मजकुरातून वृत्तांत: सामना फिरला ते षटक कसं सापडलं

२०२४ च्या टी-२० विश्वचषकातल्या भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामन्याचं लिखित समालोचन हाताशी होतं, पण वृत्तांतात नुसती चौकार-षटकारांची जंत्री उतरायची. आरडाओरडा झालेले चेंडू निवडले, मग फक्त बळी. दोन संध्याकाळी वाया.

शेवटी जमलं ते असं. आधी मजकूर न वाचता दुसऱ्या डावातल्या प्रत्येक षटकाअखेर ‘हव्या धावा, उरलेले चेंडू’ लिहिले. मग षटकामागे लागणारी सरासरी काढली. १४ षटकांनंतर ३६ चेंडूंत ५४, म्हणजे ९. अक्षरच्या पंधराव्या षटकात २४ गेल्या आणि ती ६ वर आली. सतराव्यानंतर ७.३३, बुमराच्या अठराव्यानंतर थेट १०. सरासरी जिथे उडी मारते, तेवढ्याच षटकांचा मजकूर मग वाचला.

एक खाच: क्लासेन १६.१ वर बाद झाला, म्हणजे सतराव्या षटकात. मी आधी सोळाव्यात शोधत बसलो होतो!

शेवटच्या षटकात ही सरासरी उपयोगी नाही, म्हणून सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला मिलरचा झेल हाताने जोडला. वृत्तांत सहा ओळींत बसला.