लाकडी घाण्याचा प्लॅन बँकेत नेण्याआधी या तीन चुका टाळा

कराडच्या एका मित्राने शेंगदाणा तेलाच्या लाकडी घाण्याचा प्लॅन माझ्याकडे वाचायला दिला होता. त्याला पाठवलेलं पत्र त्याच्या परवानगीने, नाव काढून, इथे देतोय. याच चुका मी बऱ्याच प्लॅनमध्ये पाहतो.

मित्रा,

प्लॅन दोनदा वाचला. चार घाण्यांचा मोह सोडून दोनवरच सुरुवात करतोयस, हे उत्तम. पेंड विकून येणारा पैसा धरलास, तोही बहुतेक जण विसरतात. आणि सगळ्यात आवडलं ते हे की माल व्यापाऱ्याकडून न घेता ओळखीच्या शेतकऱ्यांकडून शेंगा घ्यायचं ठरवलंयस. हे तुझं खरं बळ आहे, ते पुढे कामी येईल.

आता त्रुटी. पहिली सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

तू उतारा पन्नास टक्के धरलास. शंभर किलो दाण्यांतून पन्नास लिटर. लाकडी घाण्यावर साधारण चाळीस टक्के हाती लागतं, तेही दाणा चांगला असेल तर. म्हणजे चाळीस किलो तेल. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणून ते ४४ लिटर होतं. दोन-तीन दिवस निवळत ठेवलं की तळाला गाळ बसतो. तो गेला की बाटलीत ४२ लिटर धर.

तुझेच भाव घेऊन हिशोब करू. दाणे १२० रुपये किलो, म्हणजे १२,००० रुपये. पेंड ५८ किलो, ४० रुपयांनी २,३२०. उरले ९,६८०, भागिले ४२. लिटरमागे कच्चा माल २३० रुपये. तुझ्या तक्त्यात तो २०० आहे. मजुरी, वीज, बाटली मिळून ५० रुपये तू बरोबर धरलेस. ३२० ला विकलंस तर तुझ्या कागदावर ७० रुपये सुटतात, प्रत्यक्षात ४०. आणि निम्मा माल पुण्यातल्या दुकानांतून जाणार म्हणतोस, तिथे १५ टक्के कमिशन, म्हणजे ४८ रुपये. त्या प्रत्येक बाटलीवर आठ रुपयांचा तोटा! ३७० ला विकलंस तर दुकानातूनही लिटरमागे साधारण ३५ सुटतात. तो भाव गिऱ्हाईक देईल का, ते तिसऱ्या मुद्द्यात.

यंत्रवाल्याच्या पत्रकावरचा उतारा तक्त्यात घालू नकोस. चालू असलेल्या एखाद्या घाण्यावर तुझ्याच गावचे वीस किलो दाणे ने, मजुरी देऊन तेल काढून घे आणि तेल, पेंड, गाळ तिन्ही वजन करून ये. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरी त्रुटी खेळत्या भांडवलाची. महिन्याला हजार लिटर म्हणजे सुमारे २,४०० किलो दाणे, २.८८ लाखांचे. खरिपाच्या शेंगा दिवाळीच्या आसपास येतात, तेव्हा भाव उतरलेला असतो, तेव्हाच चार महिन्यांचा माल भरायला हवा. म्हणजे साडेअकरा लाख. तू धरलेत तीन. त्यात दुकानदार महिना-दीड महिन्याने पैसे देणार. शिवाय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं (पीएमएफएमई) ३५ टक्के अनुदान तू पहिल्याच महिन्याच्या जमेत मांडलंयस. ते हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात आणि कर्जखातं नीट चाललं, युनिट सुरू राहिलं, तर तीन वर्षांनी कर्जात वळतं करतात. त्यातून शेंगा येणार नाहीत.

माल साठवायचा तर शेंगेसकट साठव, सोललेला दाणा लवकर खवट होतो. ओलसर मालाला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. रिफायनरीत क्षारप्रक्रियेत ते जातं, आपल्या घाण्याच्या तेलात ती प्रक्रियाच नाही. म्हणून दाणा दाताखाली कटकन तुटतोय ना ते बघ, मऊ लागला तर पुन्हा वाळव. काळपट, सुरकुतलेले दाणे वेचून बाजूला काढायची मजुरी तुझ्या खर्चात कुठेच नाही, तीही घाल.

तिसरी त्रुटी गिऱ्हाइकाची. "परिसरातील पाच हजार कुटुंबांपैकी दहा टक्के" हे वाक्य बँकेचा साहेब रोज वाचतो. एक घर महिन्याला तीन लिटर नेतं असं धरलं, तर तुला सुमारे ३३३ घरं लागतील, तीही दर महिन्याला परत येणारी. पहिली बाटली कुतूहलाने जाते. रिफाइंडपेक्षा बरंच महाग तेल दुसऱ्यांदा कोण मागतं, हे कळायला हवं. यंत्र घेण्याआधी मजुरीवर काढलेलं तेल दोन महिने ३७० नेच विक, ओळखीत फुकट वाटू नकोस. वहीत फक्त पुन्हा आलेल्यांची नावं लिही.

यंत्राचा अॅडव्हान्स तोवर देऊ नकोस. वजनाचे आकडे आणि ती वही घेऊन ये, नवा तक्ता बसून करू.