टेलिग्राम ग्रुपमधला मेसेज कोणी उडवला?

मोठ्या टेलिग्राम ग्रुपमध्ये तीन-चार अ‍ॅडमिन असले की एखादा मेसेज गायब होतो आणि कोणी काढला ते कळत नाही. त्याची नोंद ग्रुपमध्येच असते, पण ती फक्त अ‍ॅडमिनला दिसते.

१. ग्रुपच्या नावावर टॅप करा, मग पेन्सिलवर.
२. खाली Recent Actions उघडा.
३. गर्दी जास्त असेल तर फिल्टरमध्ये फक्त काढलेले मेसेज आणि संशय असलेला अ‍ॅडमिन निवडा.

मूळ मजकूर आणि काढणाऱ्याचं नाव दोन्ही दिसतं. मात्र नोंद ४८ तासच टिकते. शनिवारी सकाळी काढलेला मेसेज सोमवारी दुपारी सापडणार नाही, म्हणून तक्रार येताच स्क्रीनशॉट घ्या. इथून मेसेज ग्रुपमध्ये परत आणता येत नाही.